दगडी खलबत्त्याचा जुना मसाल्याचा वास आणि चिकट तेल जात नाहीये (लिंबू, साबण सगळं करून झालं)

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. अक्कलकोटला मावशीचं जुनं घर आवरताना काळ्या दगडाचा खलबत्ता मिळाला, खल चांगला वीतभर खोल आहे आणि बत्ता पण दगडीच. मावशी यात शेंगा चटणी कुटायची आणि दिवाळीच्या आधी काळा मसाला, ती गेल्यापासून सहा-सात वर्षं पेपरात गुंडाळून माळ्यावर पडून होता. सोलापूरला आणला, पेपर सोडवला तर असा वास आला की नवरा म्हणाला गॅलरीत ठेव आधी. खवट शेंगदाणा, लसूण, लवंग आणि अजून काहीतरी जुनाट. आतून चकाकतोय, बोट फिरवलं की चिकट लागतं आणि बोटाला तपकिरी येतं.

आत्तापर्यंत काय केलं: भांड्याच्या लिक्विडने तीनदा घासला. लिंबू आणि मीठ लावून रात्रभर ठेवला. खायचा सोडा टाकून गरम पाणी ओतलं, फस् झालं, बरं वाटलं, वास तसाच. परवा त्यात ओलं खोबरं-मिरची ठेचली तर चटणीला खवट वास आलाच वर साबणाचा पण वास आला, टाकून दिली. आता काय करू? टाकून द्यायचा नाहीये, मावशीची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे.

मंगळवेढेकर | रविवार, सकाळी ९:४२

चिंच आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, नारळाच्या शेंडीने घासा, सोन्यासारखा होईल. आमच्या आईचा खलबत्ता पन्नास वर्षं जुना आहे, दर सणाला असाच घासते, चेहरा दिसतो त्यात.

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९:५०

काका तो पितळेचा असेल की. माझा दगडाचा आहे.

मंगळवेढेकर | रविवार, सकाळी ९:५५

हो का, मी खलबत्ता एवढंच वाचलं. तरी चिंच लावून बघायला हरकत नाही.

निखिल_जुळेसोलापूर | रविवार, सकाळी १०:३०

ताई सोपं आहे, तेल आहे ना मग उष्णता द्या. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन बत्ता उकळा अर्धा तास आणि खल सरळ गॅसवर बारीक आचेवर ठेवा, तेल आपोआप वर येतं, मी पाट्याचं असंच केलं होतं, खरंच तेल घामासारखं वर आलं. नंतर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ओता, फेस येतो तो सगळी घाण वर आणतो.

पूर्वभाग_पोरगा | रविवार, सकाळी १०:४१

गॅसवर अजिबात ठेवू नका ओ ताई!! आमच्यात याला रोलु म्हणतात, आजीचा रोलु भावाने असाच गॅसवर ठेवला होता सुकवायला, पंधरा मिनिटांत टक् करून आवाज आला आणि बुडापासून काठापर्यंत केसासारखी चीर. आता त्यात लसूण ठेचला की चिरेतून रस बाहेर येतोय. आजी अजून बोलत नाही भावाशी नीट.

निखिल_जुळेसोलापूर | रविवार, सकाळी १०:४८

बारीक आच म्हणालो मी. पाट्याला काही झालं नाही.

शेंगा_काकू | रविवार, दुपारी १२:१५

मी बावीस वर्षं घरी शेंगा चटणी कुटून विकते, तीन उखळं आहेत, त्यातली दोन जुन्या बाजारातून अशीच वास मारणारी आणलेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते, स्वयंपाक झालाय.

निखिलचं अर्धं बरोबर आहे. ऊब पाहिजेच, गार दगडातलं तेल हलत नाही. पण आचेची ऊब नको. गॅसवर बूड तापतं आणि काठ गार राहतो, जाड दगडाला ते सोसत नाही. पाटा पातळ असतो म्हणून वाचला, खल वाचेलच असं नाही. आणि दगडात ओल मुरलेली असेल तर अजून वाईट. आपल्याकडे एप्रिलचं ऊन फुकट आहे, गच्चीवर अकरा ते चार ठेवा, हात लावता येणार नाही एवढा तापतो आणि चहूबाजूंनी हळूहळू तापतो. तेच तेल घामासारखं वर येईल. फक्त तापलेल्या दगडावर गार पाणी मारायचं नाही, तेही गॅसइतकंच वाईट.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून मात्र काही मिळत नाही. दोघं एकमेकाला मारतात, फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, खाली उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. ताईंनी लिंबू लावलं ते पण उलट्या बाजूचं औषध झालं. जुनं तेल खवट होतं म्हणजे ते आंबटच झालेलं असतं, त्याला अजून आंबट लावून काय होणार? त्याला खार पाहिजे. खायचा सोडा फार नरम पडतो, धुण्याचा सोडा आणा, किराणा दुकानात मिळतो, कपड्याला वापरतात तो. तो गरम पाण्यातून लावला की खवट तेलाचा तिथल्या तिथं साबण बनतो आणि पाण्याबरोबर निघून येतो. कॉस्टिक आणू नका, ते वेगळं, हात भाजतील.

आता ताई आधी मला तीन गोष्टी सांगा. दगड काळा आहे की पांढरट? आत बारीक बारीक भोकं आहेत का? आणि वास खवट आहे की कुबट? खवट म्हणजे जुन्या शेंगदाण्यासारखा, कुबट म्हणजे ओल्या फडक्यासारखा. दोन्हीची औषधं वेगळी.

कडकभाकरी | रविवार, दुपारी १२:४०

काळा आहे काकू. भोकं आहेत, टाचणीच्या डोक्याएवढी, तळाशी जास्त. एका बाजूला दोन-तीन पांढरे ठिपके आहेत दगडातच, हरभऱ्याएवढे. वास खवटच. कुबट नाही.

ताईसाहेब_पुणे | रविवार, दुपारी १:०५

माझापण प्रॉब्लेम विचारून घेते. राजस्थानच्या ट्रिपमधून पांढरा संगमरवरी खल आणला होता, गुळगुळीत सुंदर. हळद कुटली, पिवळा झाला, म्हणून लिंबू लावून रात्रभर ठेवला तर सकाळी चकाकी गेली आणि हाताला पिठूळ लागायला लागलं. आता त्यात मीठ जरी कुटलं तरी पांढरं पीठ येतंय असं वाटतं. धुण्याचा सोडा लावू का?

शेंगा_काकू | रविवार, दुपारी १:२०

तुमच्या दगडाला लिंबाने खाल्लंय, वास नव्हताच मुळात. सोड्याने चकाकी परत येत नाही. संगमरवराला लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक काहीच नको. पॉलिश करणाऱ्याकडे न्या किंवा त्यात आता फक्त वेलची-केशर कुटा आणि विसरा.

दगडधोंडे | रविवार, दुपारी २:३०

मी भूशास्त्राचा विद्यार्थी, स्वयंपाक शून्य पण दगड थोडा कळतो. कडकभाकरी तुमचा दगड बेसाल्ट आहे, आपल्या सगळ्या भागात तोच आहे. लाव्हा थिजताना आतले वायूचे बुडबुडे तसेच राहिले की ती भोकं दिसतात, आणि नंतर पाणी झिरपून काही भोकं पांढऱ्या खनिजाने भरतात, ते तुमचे ठिपके. त्यातला एखादा कॅल्साइटचा असेल तर लिंबाने तो हळूहळू विरघळतो आणि तिथे खड्डा होतो, मग अजून मसाला अडकतो. बाकी काळ्या भागाला लिंबाने फार काही होत नाही. सोड्याने तर नाहीच.

दुसरं म्हणजे घासून वरचं जातं, भोकातलं नाही. जुन्या इमारतीच्या दगडावर तेलाचा डाग पडला तर त्यावर मातीचा लेप देतात. लेपातलं पाणी आत जातं, डाग सैल करतं, मग लेप बाहेरून सुकायला लागला की ते पाणी डाग घेऊन बाहेरच्या दिशेने येतं आणि घाण मातीत राहते. सगळी गंमत सुकण्यात आहे. लोक लेप लावतात आणि ओला असतानाच धुतात, मग म्हणतात काही झालं नाही.

शेंगा_काकू | रविवार, दुपारी २:५५

बघा, मी हेच करते पण कारण आज कळलं. मी मुलतानी माती वापरते. पूर्वी लोकरीतलं तेल काढायला पण हीच माती असायची.

कडकभाकरी, असं करा. पहिल्या दिवशी खल आणि बत्ता उन्हात ठेवा, वर येणारं तेल जुन्या सुती फडक्याने दर तासाने पुसून घ्या, फडकं बदला. चार वाजता सावलीत आणा, कोमट होऊ द्या, पूर्ण गार नको. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, खल त्याने काठोकाठ भरा, बत्ता त्यातच उभा करा. अर्ध्या तासाने ताठ ब्रशने भोकाभोकातून घासा, जुना टूथब्रश चालतो. तारेची घासणी नको, तिचे तुकडे भोकात अडकतात आणि गंजतात. हातमोजे घाला, सोड्याने हात सोलवटतात. आणि हे पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, पातेलं काळं पडेल.

पाणी चहासारखं होईल. ओतून द्या, परत एकदा करा. दुसऱ्या वेळी पण चहासारखंच आलं तरच लेपाकडे जा, नाहीतर गरज नाही.

लेप: तीन वाट्या मुलतानी माती, एक वाटी धुण्याचा सोडा, गरम पाण्यात कालवून थालीपिठाच्या पिठाएवढं सैल. आतून बोटभर जाड थापा, वर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक आणि फडकं काढून टाका आणि आता हात लावू नका, पूर्ण सुकून भेगा पडून स्वतःहून सुटेपर्यंत.

बाळीवेस_आजोबा | रविवार, दुपारी ४:१०

एवढं कशाला करायचं. आमची आई चुलीतली राख घ्यायची मूठभर, गरम पाणी, काथ्या. झालं. सोडा कुणी पाहिला होता तेव्हा.

शेंगा_काकू | रविवार, दुपारी ४:२२

आजोबा राख हाच जुना सोडा की ओ, तोच खार. लाकडाची चाळलेली राख मिळाली तर माझं पण मत तिलाच. पण आता चूल कुणाकडे आहे, आणि कोळशाची किंवा कचरा जाळलेली राख काही खायच्या भांड्याला लावायची नाही.

बाळीवेस_आजोबा | रविवार, दुपारी ४:३०

बरोबर. पण साबणाला एवढे का घाबरता कळत नाही. मी वीस वर्षं ग्रॅनाइटचा खल भांड्याच्या साबणाने धुतोय, कधी चटणीला वास आला नाही.

पूर्वभाग_पोरगा | रविवार, दुपारी ४:३८

आजोबा ग्रॅनाइटला पॉलिश असतं, आत काही जात नाही. भोकाच्या दगडात साबण मुरतो.

बाळीवेस_आजोबा | रविवार, दुपारी ४:४५

मग नीट धुवा की. आळस तुमचा, नाव साबणाचं.

दगडधोंडे | रविवार, संध्याकाळी ५:०२

दोघांचंही खरं असू शकतं, दगड दगडावर आहे. आणि बिनवासाचा साबण असेल तर तो मुरला तरी कळणारच नाही, म्हणजे तोही पुरावा नाही 😄

कडकभाकरी | मंगळवार, रात्री ८:२०

अपडेट. काल उन्हात ठेवला, बाप रे, काकू तुम्ही म्हणालात तसंच झालं. दुपारी दोन वाजता आतली भिंत ओली दिसायला लागली, पुसलं तर फडक्यावर काळपट पिवळं तेल आणि लाल तिखटाचा रंग! सहा वर्षं झाली की, अजून लाल. चार फडकी गेली. मग सोड्याचं पाणी भरलं, पहिलं पाणी कडक चहा, वर साबणासारखा मळकट फेस, मी साबण घातलाच नव्हता. दुसरं पाणी फिका चहा. तरी वास आहेच म्हणून आज लेप लावलाय, आत्ता झाकून ठेवलाय.

नवरा म्हणतो एवढ्यात दोन नवीन खल आले असते.

शेंगा_काकू | मंगळवार, रात्री ८:४५

तो मळकट फेस म्हणजे तुमच्या मावशीच्या चटणीचाच साबण. बरोबर चाललंय.

कडकभाकरी | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

आज लेप सुटला, पापडासारखा. दगडाला लागलेली बाजू तपकिरी आणि तेलकट, बाहेरची बाजू पांढरट, दगडधोंडे तुमची थिअरी उलटी झाली का?

पण आता नवीनच प्रॉब्लेम. धुतल्यावर खल सुकला आणि आतून सगळा पांढरा पडलाय, पिठाची भुकटी मारल्यासारखा. काळा खल होता हो माझा. आणि वास कमी झालाय पण गेला नाही. कधी येतो कधी नाही, मला वेड लागायची वेळ आलीय.

दगडधोंडे | गुरुवार, संध्याकाळी ६:५५

उलटी नाही, जाड तेल दगडाजवळच्या मातीतच अडकलं, पाणी बाहेर गेलं. पाण्यात विरघळणारा रंग असता तर बाहेरच्या बाजूला दिसला असता. माझंच सांगणं अर्धवट होतं.

शेंगा_काकू | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

पांढऱ्याला घाबरू नका. बोअरच्या पाण्याने धुतलं का?

कडकभाकरी | गुरुवार, संध्याकाळी ७:१४

हो. नळाला पाणी उद्या येणार, टाकीतलं पुरवून वापरतोय.

शेंगा_काकू | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

तेच. आपलं बोअरचं पाणी जड, त्यात सोडा पडला की क्षार खाली बसतो, बादलीच्या तळाला बसतो तसा. ओलं बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर सोडा राहिलाय, अजून धुवा. बुळबुळीत नाही, नुसतं खडूसारखं खरखरीत लागलं तर क्षार. त्याला एक कप पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून फडक्याने पुसा आणि लगेच नळाच्या पाण्याने धुवा. पांढऱ्या ठिपक्यांवर रेंगाळू नका. म्हणजे निखिल, तुझं व्हिनेगर लागलं बघ कामाला, फक्त सोडा धुऊन गेल्यावर.

निखिल_जुळेसोलापूर | गुरुवार, संध्याकाळी ७:३३

म्हणालोच होतो 😎

शेंगा_काकू | गुरुवार, संध्याकाळी ७:४८

आता वासाचं. आत पाण्याचे थेंब टाका वेगवेगळ्या ठिकाणी. थेंब पसरला, मुरला तर तिथलं तेल गेलं. मण्यासारखा उभा राहिला तर तिथं अजून आहे. तळ, भिंत, काठ सगळीकडे बघा.

आणि वास नेमका कुठून येतो ते शोधा. खल आणि बत्ता वेगळे करा. खलावर स्टीलचं ताट पालथं घाला, बत्ता वेगळ्या झाकणाच्या डब्यात बंद करा, दोन्ही दुपारभर उन्हात ठेवा, मग एकेक उघडून नाक लावा. उघड्यावर नाक फसवतं, दहा मिनिटांनी नाकाला सवय होते आणि आपल्याला वाटतं वास गेला. म्हणून तुम्हाला कधी येतो कधी नाही. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वास घ्यायला सांगा, ज्याने दिवसभर खलाला हात लावला नाही.

कडकभाकरी | शनिवार, दुपारी ४:५०

काकू!!! बत्ता आहे!

खल उघडला, ओल्या दगडाचा वास, बास. नवऱ्याला पण काही नाही आला. बत्त्याचा डबा उघडला आणि तो दोन पावलं मागे गेला. खलात थेंब सगळीकडे मुरले, एक तळाचं भोक सोडून. बत्त्याच्या कुटायच्या टोकाला पण मुरले. मग मुठीच्या जागी टाकला, जिथं आपण धरतो, तर थेंब तिथं मोत्यासारखा उभा आणि घरंगळून खाली. मी सगळे दिवस कुटायचं टोकच घासत होते. सोड्याच्या पाण्यात पण उभा केला तेव्हा वरची मूठ पाण्याबाहेरच होती. आता बघतेय तर तिथं दगड काळा चकाकतोय आणि नखाने खरवडलं तर मेणासारखं निघतंय.

मावशी चटणी कुटताना मध्येच हाताने खलातलं खालचं वर करायची आणि त्याच तेलाच्या हाताने परत बत्ता धरायची. इतकी वर्षं. तिचाच हात आहे तो एका अर्थी. जरा वाईट वाटलं खरवडताना.

पूर्वभाग_पोरगा | शनिवार, दुपारी ५:०५

आईशप्पथ. आमच्या घरी पण मूठच काळी आहे, आम्हाला वाटायचं दगडच तसा.

शेंगा_काकू | शनिवार, संध्याकाळी ५:३०

माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, बत्ता बुडेल असं भांडं घ्या म्हणून लिहायला हवं होतं. शेंगा चटणीचा हात तेलाचा असतोच, नीट कुटली की शेंगदाणा तेल सोडतो, तेच तर पाहिजे असतं.

ते मेणासारखं झालंय म्हणजे तेल वाळून घट्ट बसलंय, नुसत्या सोड्याला दमवेल. आधी लाकडी उलथण्याच्या कडेने खरवडा. मग उंच स्टीलच्या डब्यात बत्ता पूर्ण बुडेल एवढं गरम सोड्याचं पाणी घ्या, या वेळी लिटरला तीन चमचे, आणि तासभर ठेवा, पाणी गार झालं की बदला. उकळू नका. मग मुठीला लेप, वरून फडकं गुंडाळा. एका लेपात नाही जायचं, दोन-तीन धरून चला.

मंगळवेढेकर | शनिवार, संध्याकाळी ६:१५

टाकी का लावून घेत नाही? पाथरवट मिळाला तर आतून टाकी लावली की जुना थरच उडतो, नवा दगड वर येतो, वास पण गेला आणि कुटायला पण धार आली. या वेळी दगडाचंच बोलतोय 😀

शेंगा_काकू | शनिवार, संध्याकाळी ६:४०

काका, गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी ठीक. पण भोकाच्या खलाला टाकी लावली की आतली नवीन भोकं उघडतात, आणि महिनाभर तरी दगडाची कच येते. माझ्या एका उखळाला लावली होती, पंधरा दिवस चटणीत कचकच, गिऱ्हाइकांनी परत केली. मी नाही सांगणार.

मंगळवेढेकर | शनिवार, संध्याकाळी ६:४८

आमच्याकडे सगळे लावायचे, कुणाला कच लागली नाही. लावणारा चांगला पाहिजे.

कडकभाकरी | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

मुठीला तीन लेप झाले. पहिला काळा निघाला, दुसरा तपकिरी, तिसरा जवळजवळ मातीच्या रंगाचा. बत्ता वरपासून खालपर्यंत एकाच राखाडी रंगाचा झालाय, मला ओळखूच येईना. थेंब मुरतो. डबा बंद करून उन्हात ठेवला, नवऱ्याने वास घेतला, म्हणाला "काही नाही, दगड." माझ्या नणंदेने घेतला, ती म्हणाली थोडी लवंग येते. दोघांचं एक मत नाही.

आता पुढे काय? चटणी कुटू?

शेंगा_काकू | पुढचा गुरुवार, रात्री ९:५०

थांबा, अजून एक. मूठभर कोरडे तांदूळ घाला आणि कुटून पीठ करा, भिंतीला पण घासा. पीठ मळकट निघालं तर टाका, दुसरी मूठ घ्या. पांढरं निघेपर्यंत. कोरडंच कुटा, पाणी घालू नका, कोरडं पीठच उरलंसुरलं तेल ओढतं. शेवटची मूठ पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवा आणि वरचं ओतून द्या, खाली पिठाबरोबर काळे कण बसले तर दगड झिजतोय, अजून दोन मुठी.

लवंगेचं सोडा. लवंगेचा वास दगडात फार चिवट, पण तो खवट नाही, चटणी बिघडवत नाही.

ताईसाहेब_पुणे | पुढचा गुरुवार, रात्री १०:०२

ते मळकट पीठ चिमण्यांना घातलं तर चालेल ना, वाया कशाला.

शेंगा_काकू | पुढचा गुरुवार, रात्री १०:०६

नको. त्यात खवट तेल, सोडा, दगडाची कच. कचऱ्यातच टाका.

कडकभाकरी | रविवार, दुपारी १:४०

तांदळाच्या पाच मुठी गेल्या. पहिली विटकरी, पाचवी पांढरी. आज चटणी केली. भाजून सोललेले शेंगदाणे दोन वाट्या, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, तिखट, जिरं, मीठ. पहिले पाच मिनिटं नुसता कोरडा चुरा उडत होता, मग एकदम खालून ओलसर व्हायला लागलं, बत्ता उचलला की चटणी चिकटून वर यायची आणि कडेला लाल तेल सुटलं. मिक्सरला हे कधीच होत नाही, त्याचं नुसतं कूट होतं. कडक भाकरीवर घेतली. खवटपणा शून्य. नणंदेला अजून लवंग येते म्हणे, मी आता विचारणं बंद केलंय.

ते तळाचं एक भोक मात्र अजून थेंब धरून ठेवतंय. आणि मी पण कुटताना त्याच तेलाच्या हाताने बत्ता धरला, नंतर लक्षात आलं.

काकू, आता रोजचं कसं धुवायचं?

शेंगा_काकू | रविवार, दुपारी २:१५

झाल्या झाल्या, तेल ओलं आहे तोवर. आधी कोरडं पुसा, मग मूठभर जाडं मीठ टाकून घासा, मीठ टाका, गरम पाणी, ब्रश, आणि उन्हात पालथं न घालता आडवं ठेवा म्हणजे आतली ओल निघते. झाकून, गुंडाळून ठेवायचं नाही. मूठ पण धुवा. महिन्यातून एकदा सोड्याचं पाणी, रोज नको.

मसाला आणि चटणी एकाच खलात कुटणार असाल तर आधी चटणी, मग मसाला, उलटं नाही.

बाळीवेस_आजोबा | रविवार, दुपारी २:३०

नाहीतर साबण.

पूर्वभाग_पोरगा | रविवार, दुपारी ३:१०

काकू आमच्या चीर गेलेल्या रोलुचं काय करू? चिरेतून लसणाचा वास जातच नाही, लेप लावला तर माती चिरेत अडकेल का?

शेंगा_काकू | रविवार, दुपारी ३:४५

अडकेल. चिरेचं मला अजून जमलेलं नाही. दगडधोंडे, तुमच्या इमारतीवाल्यांकडे यावर काही आहे का?

दगडधोंडे | रविवार, संध्याकाळी ७:२०

माती थेट न लावता आधी ओला टिश्यू पेपर चिरेवर दाबून बसवायचा आणि त्यावर लेप द्यायचा, म्हणजे माती आत जात नाही आणि पाण्याची ये-जा चालू राहते. दगडी भिंतीवर हे करतात. रोलुवर करून बघितलं नाही. आणि चीर हलत असेल, म्हणजे कुटताना तिच्यातून रस येत असेल, तर वास गेला तरी तो दर वेळी परत भरणारच.

पूर्वभाग_पोरगा | रविवार, संध्याकाळी ७:२६

रस येतो. मग आजीलाच विचारतो ठेवायचा का तुळशीजवळ.